कायदा १९३५ चा, मंदी २०२० ची

२६ मार्च २०२० च्या गुरुवारी सकाळी अमेरिकेच्या कामगार खात्यानं आपलं नेहमीचं साप्ताहिक पत्रक काढलं. बेकारी भत्त्यासाठी किती लोकांनी नव्यानं अर्ज केले, एवढीच माहिती त्यात असते आणि एरवी बाजारातले दलाल सोडले तर ते फारसं कुणी वाचत नाही. त्या दिवशी मात्र जगानं वाचलं. २१ मार्चला संपलेल्या आठवड्यात सुमारे ३३ लाख अर्ज आले होते. त्याआधीचा उच्चांक ऑक्टोबर १९८२ मधला होता, सात लाखांच्याही किंचित आतला. पुढच्या गुरुवारी आकडा जवळपास दुप्पट झाला.

करोनासाठीचं मदतीचं अवाढव्य विधेयक तेव्हा अजून संसदेतच होतं. राष्ट्राध्यक्षांची त्यावर सही झाली ती २७ मार्चला. म्हणजे या ३३ लाख लोकांनी अर्ज केले तेव्हा त्यांच्यासाठी वॉशिंग्टनमध्ये कुणी काहीही ठरवलेलं नव्हतं. ते ज्या तरतुदीखाली अर्ज करत होते तिचा पाया फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ऑगस्ट १९३५ मध्ये सही केलेल्या सामाजिक सुरक्षा कायद्यानं घातलेला होता. नोकरी गेली, अर्ज केला, पात्र ठरला, की पैसे मिळायचे. मंदी आली आहे की नाही यावर अर्थशास्त्रज्ञांचं एकमत होण्याची वाट पाहायची नाही.

अशा तरतुदींना अर्थशास्त्रात स्वयंचलित स्थिरक म्हणतात. बेकारी भत्ता हा त्यातला डोळ्यांना दिसणारा, आणि चढत्या दराचा प्राप्तिकर हा न दिसणारा. अर्थव्यवस्था घसरली की सरकारचा खर्च आपोआप वाढतो, करवसुली आपोआप कमी होते, आणि तो फरक लोकांच्या खिशात राहतो. अर्थव्यवस्था सावरली की हेच उलट्या दिशेनं होतं. ना विधेयक लागतं, ना अध्यादेश.

आधी न दिसणारा भाग पाहू, कारण त्यात थोडं गणित आहे आणि ते गमतीशीर आहे. आठवड्याला १,००० डॉलर, म्हणजे वर्षाला ५२,००० डॉलर पगार असलेला एक अविवाहित कामगार धरा. २०२० च्या नियमांनुसार १२,४०० डॉलरची प्रमाणित वजावट गेली, की ३९,६०० वर कर बसतो. पहिल्या ९,८७५ वर १० टक्के आणि उरलेल्यावर १२ टक्के. केंद्रीय प्राप्तिकर होतो सुमारे ४,५५५ डॉलर. आता मंदीमुळे मालकानं त्याला पाच दिवसांऐवजी चारच दिवस काम दिलं. पगार २० टक्क्यांनी घटून ४१,६०० झाला. कर किती? सुमारे ३,३०७. पगार २० टक्क्यांनी घटला, पण कर २७ टक्क्यांनी. वजावट जिथल्या तिथे राहते आणि पगाराची जी वरची रक्कम गेली तिच्यावरच जास्त दर होता, म्हणून हे होतं. शिवाय मालक दर पगाराला कर कापतो, त्यामुळे ही सवलत वर्षअखेरीस नाही, पगार घटला त्याच वेळी पदरात पडते. आपल्याला सवलत मिळाली हे त्या कामगाराच्या लक्षातही येत नाही. त्याला फक्त पगार कमी झालेला दिसतो.

आता त्याची नोकरी पूर्ण गेली असं समजू, आणि त्याला दोन वेगवेगळ्या राज्यांत ठेवून पाहू. अमेरिकेत बेकारी विमा केंद्र आणि राज्यं मिळून चालवतात. चौकट केंद्राची, भत्ता किती आणि किती आठवडे, हे राज्य ठरवतं. एक राज्य फ्लोरिडा, दुसरं पॅसिफिक किनाऱ्यावरचं वॉशिंग्टन. दोन्हीकडे पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही, म्हणून तुलना सरळ होते. नोकरी असताना आठवड्याच्या हजारातून सुमारे ८८ डॉलर प्राप्तिकर आणि साधारण ७६ डॉलर सामाजिक सुरक्षा व मेडिकेअरचे जाऊन दोन्हीकडे हातात ८३६ पडत होते.

फ्लोरिडाच्या सूत्रानं त्याला आठवड्याला ५०० डॉलर मिळायला हवेत. पण तिथे कमाल मर्यादा आहे २७५ ची, म्हणून २७५ च मिळतात. वॉशिंग्टनच्या सूत्रानंही साधारण ५०० च येतात, आणि तिथली कमाल मर्यादा बरीच वर असल्यानं ते पूर्ण मिळतात. भत्त्यावर बसणारा थोडाफार प्राप्तिकर बाजूला ठेवू. पगार हजारानं बुडाला तेव्हा फ्लोरिडात त्यातला १६४ चा भार कमी झालेल्या करांनी आणि २७५ चा भत्त्यानं उचलला. म्हणजे ४४ टक्के धक्का वाटेतच जिरला. वॉशिंग्टनमध्ये हेच प्रमाण ६६ टक्के. मुदतीचा फरक तर याहून मोठा. २०२० च्या वसंतात फ्लोरिडाचा भत्ता जास्तीत जास्त १२ आठवडे मिळायचा, वॉशिंग्टनचा २६ आठवडे. एकाला एकूण ३,३०० डॉलर, दुसऱ्याला १३,०००. माणूस तोच, पगार तोच, मंदीही तीच.

या रकमेचं पुढे काय होतं हे सांगायला अर्थशास्त्र शिकायला नको. पगार थांबलेला माणूस हातात आलेले पैसे साठवून ठेवत नाही. घरभाडं, किराणा, गाडीचा हप्ता यातच ते जातात, आणि त्या दुकानदाराला आपला नोकर काढावा लागत नाही. सरकारनं पूल बांधायचा ठरवला तर आराखडा, निविदा, जमीन यात दोन वर्षं जातात आणि तोवर मंदी संपलेली असते. भत्ता मात्र जिथे नोकऱ्या गेल्या त्याच गावात, गेल्या त्याच महिन्यात खर्च होतो. युरोप आणि अमेरिकेची तुलना करणाऱ्या डॉल्स, फ्युएस्ट आणि पाइखल यांच्या २०१२ च्या प्रसिद्ध अभ्यासात बेकारीचा धक्का युरोपीय संघात सरासरी ४७ टक्के आणि अमेरिकेत ३४ टक्के शोषला जातो असं दिसलं होतं. हे यंत्र अमेरिकेत आहे, पण जरा अशक्त आहे. ते अशक्त का, याची गोष्ट मला या विषयातली सर्वांत वाचनीय गोष्ट वाटते, कारण ती कुठल्या मोठ्या वैचारिक वादात नसून बारीक छापलेल्या नियमांत आहे.

भत्त्याचे पैसे येतात मालकांकडून. दर कामगारामागे मालक राज्याच्या बेकारी निधीत कर भरतो, पण पूर्ण पगारावर नाही, पगाराच्या एका मर्यादेपर्यंतच. केंद्रानं ठरवलेली किमान मर्यादा आहे वर्षाला ७,००० डॉलर, आणि ती १९८३ पासून हललेली नाही. फ्लोरिडानं ही किमानच धरून ठेवली आहे. आपल्या उदाहरणातल्या कामगाराच्या ५२,००० पैकी ४५,००० डॉलरवर मालक तिथे एक सेंटही भरत नाही. वॉशिंग्टनसारख्या काही राज्यांनी मर्यादा सरासरी पगाराशी जोडली. ती दरवर्षी वाढते आणि आज निम्न-मध्यमवर्गीयाचा जवळपास पूर्ण पगार तिच्यात येतो.

परिणाम असा, की चांगल्या काळात निधी भरतच नाही. २००८ ची मंदी आली तेव्हा तीसहून जास्त राज्यांचे निधी आटले आणि त्यांनी केंद्राकडून कर्ज काढलं. २०११ पर्यंत ही थकबाकी ४० अब्ज डॉलरच्या वर गेली. कर्ज फेडलं नाही तर केंद्र त्या राज्यातल्या मालकांवरचा कर आपोआप वाढवत नेतं. शिवाय जो मालक जास्त लोक काढतो त्याचा दर पुढच्या वर्षांत चढतो, अशीही पद्धत आहे. म्हणजे धंदा नुकता उभा राहत असताना मालकाच्या हातात वाढीव कराचं बिल. मालक ओरडले. राज्यांच्या आमदारांपुढे दोन वाटा होत्या: पगारमर्यादा वाढवून निधी भरायचा, किंवा भत्त्याचे आठवडे कापायचे. अनेक दशकं बहुतेक राज्यांत २६ आठवडे हा अलिखित दंडक होता. २०११ पासून काही राज्यांनी तो मोडला. फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलायना थेट १२ पर्यंत खाली आली.

फ्लोरिडानं १२ आठवड्यांच्या सोबत एक सूत्रही घातलं, आणि ते कागदावर शहाणपणाचं दिसतं. राज्यातली बेकारी ५ टक्क्यांपर्यंत असेल तर १२ आठवडे. त्यावर दर अर्ध्या टक्क्याला एक आठवडा जास्त, कमाल २३. म्हणजे गरज वाढली की मुदत वाढणार, कुणी ठरवायला नको. अडचण एवढीच की बेकारीचा आकडा धरायचा आदल्या वर्षाच्या तिसऱ्या तिमाहीचा. मार्च २०२० मध्ये ऑर्लँडोची हॉटेलं आणि बागा बंद पडल्या, एप्रिलमध्ये बेकारी दोन आकड्यांत गेली, पण सूत्र बघत होतं २०१९ च्या जुलै ते सप्टेंबरकडे, जेव्हा सगळं आलबेल होतं. म्हणून १२ च आठवडे. १९ आठवडे लागू झाले जानेवारी २०२१ मध्ये, तोवर धक्क्याचा सर्वांत वाईट काळ उलटून गेला होता. त्यातच अर्जाची वेबसाइट कोलमडली आणि मायामीजवळच्या हायलिया शहरात लोक कागदी अर्ज मिळवायला, तेही साथीच्या ऐन भरात, रांगा लावून उभे राहिले.

असाच घोटाळा केंद्राच्या पातळीवरही झाला होता, दहा वर्षं आधी. १९७० च्या कायद्यानं एक वाढीव भत्ता आहे: राज्याची नेहमीची मुदत संपली आणि बेकारी फारच असली, तर आणखी १३ ते २० आठवडे. तो कधी सुरू व्हायचा यासाठी एक खटका आहे. त्याच्या एका प्रकारात अट अशी: बेकारीचा दर किमान साडेसहा टक्के हवा, आणि शिवाय मागच्या दोन वर्षांपैकी एखाद्या वर्षी याच काळात जो दर होता त्याहून तो किमान दहा टक्क्यांनी जास्त हवा. दुसरी अट घालण्यामागचा विचार चांगला होता. काही राज्यांत बेकारी कायमचीच जास्त असते, तिथे खटका सतत चालू राहू नये.

पण मंदी लांबली की काय होतं ते बघा. समजा, एका राज्यात बेकारी २००८ मध्ये ६ टक्के होती, २००९ मध्ये १०, २०१० मध्ये १० आणि २०११ मध्ये साडेनऊ. २०१० साली मागे वळून पाहिलं तर २००८ चे ६ टक्के दिसतात. १० हे त्याहून कितीतरी जास्त, खटका चालू. २०११ मध्ये मागची दोन वर्षं म्हणजे १० आणि १०. साडेनऊ त्याहून जास्त नाही, खटका बंद. दहातला जवळपास एक माणूस बेकार आहे, तरी यंत्राच्या लेखी परिस्थिती बिघडलेली नाही, कारण ती आधीपासूनच बिघडलेली होती. अखेर डिसेंबर २०१० मध्ये संसदेनं राज्यांना दोनऐवजी तीन वर्षं मागे पाहायची तात्पुरती मुभा दिली. स्वयंचलित यंत्र चालू ठेवण्यासाठी संसदेला बसावं लागलं, यातला विनोद तेव्हाच्या बेकारांना कळला असेल असं वाटत नाही.

आणखी एक गळती आहे आणि तिच्याबद्दल क्वचितच बोललं जातं. अमेरिकेची जवळपास सगळी राज्यं कायद्यानं आपला अंदाजपत्रकी हिशेब समतोल ठेवायला बांधील आहेत. मंदीत त्यांचा विक्रीकर आणि प्राप्तिकर घटतो, की ती शिक्षक आणि सफाई कामगार कमी करतात. केंद्राचं यंत्र पैसे ओतत असतं तेव्हा राज्यं ते काढून घेत असतात.

तरी यंत्र नसण्यापेक्षा अर्धवट यंत्र बरं, हे पटवायला १९३२ साल पुरेसं आहे. महामंदीच्या सुरुवातीला अमेरिकी केंद्र सरकारचा सगळा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आसपास होता आणि बेकारी विमा नव्हताच. आपोआप वाढेल किंवा घटेल असं काही हातात नव्हतं. आणि जो निर्णय घेतला गेला तो उलटा: हूव्हर सरकारनं तूट भरून काढायला कर वाढवले, वरचा दर २५ वरून ६३ टक्क्यांवर नेला.

भारतात चढत्या दराचा प्राप्तिकर आहे, पण बहुसंख्य कामगार त्याच्या कक्षेतच येत नाहीत, त्यामुळे त्यांची मजुरी बुडाली तर घटायला करच नसतो. बेकारी भत्ता म्हणावा तर ईएसआयच्या सभासदांसाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. २०२० मध्ये तिच्यात सरासरी मजुरीच्या २५ ऐवजी ५० टक्के देण्याचं ठरलं, तेही जास्तीत जास्त ९० दिवस. ऊस तोडणारा किंवा नाक्यावर उभा राहणारा मजूर तिच्यात नाही. मात्र त्याच्यासाठीचं एक यंत्र महाराष्ट्रानं जगाच्या बरंच आधी बनवलं होतं.

वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात ज्याचा प्रयोग करून पाहिला, ती रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कसाला लागली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबंडिंग. पुढे १९७७ मध्ये कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यातली युक्ती अशी की मंदी किंवा दुष्काळ जाहीर करायची जबाबदारी कुणावरच टाकलेली नव्हती. काम मागितलं की पंधरा दिवसांत तहसीलदारानं ते द्यायचं. पाऊस चांगला झाला, शेतात मजुरी मिळाली, की कोण कशाला उन्हात खडी फोडायला येईल? मस्टरवरची नावं आपोआप कमी होणार. पाऊस गेला की वाढणार. फ्लोरिडासारखी आदल्या वर्षाची तिमाही बघायची भानगडच नाही. मजूर स्वतःच मोजमाप आहे.

पैशाची सोयही ठरलेली होती. मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपयांची आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची जी 'पी.टी.' कापलेली दिसते, तो १९७५ चा व्यवसाय कर मुळात रोजगार हमीसाठी लावला गेला. जेवढा तो गोळा होईल तेवढीच भर राज्यानं आपल्या तिजोरीतून घालायची. शहरातलं उत्पन्न पावसावर तितकं अवलंबून नसतं, म्हणून ते खेड्यातल्या वाईट वर्षासाठी बांधून ठेवलं. या कराची वर्षाला २,५०० रुपये ही मर्यादा राज्यघटनेतच आहे आणि ती १९८८ पासून तीच आहे. अमेरिकेच्या ७,००० डॉलरची ही आपल्याकडची चुलत बहीण.

त्याच १९८८ मध्ये राज्यातलं किमान वेतन जवळपास दुपटीनं वाढलं आणि त्यासोबत रोहयोची मजुरीही. मजुरी वाढली तर काम मागणारे वाढायला हवेत. उलट हजेरी घटली. मार्टिन रवालियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी या अर्थशास्त्रज्ञांनी आकडे तपासून निष्कर्ष काढला की कामाची मागणी कमी झाली नव्हती, कामं कमी काढली जात होती. पैसा तेवढाच, मजुरी दुप्पट, मग माणसं निम्मी. हमी कायद्यात शाबूत होती. फक्त काम मागायला गेलेल्याला पुढच्या महिन्यात ये असं सांगितलं जायचं. स्थिरक बिघडल्याचं हेच लक्षण. अर्जांची रांग अंदाजपत्रकाच्या आकड्यापाशी येऊन थांबायला लागली, की तो स्वयंचलित राहिलेला नसतो.

देशभरातल्या मनरेगाला हीच कसोटी लावून पाहता येते. २०२०-२१ च्या अंदाजपत्रकात तिच्यासाठी ६१,५०० कोटी रुपये होते. टाळेबंदीत शहरांतून मजूर पायी गावी परतले, कामाची मागणी उसळली, आणि १७ मे रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी आणखी ४०,००० कोटी जाहीर केले. वर्षअखेर सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झालं, योजनेच्या इतिहासातला उच्चांक. यंत्र चाललं, यात शंका नाही. पण मार्चच्या अखेरीस सुरू झालेल्या संकटाला वाढीव पैसा मे महिन्यात आणि घोषणा करून द्यावा लागला, हेही खरं.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले, आणि बातम्या बहुतेक या आकड्याच्या आल्या. बारीक अक्षरांत दोन गोष्टी आणखी आहेत. महाराष्ट्रासारख्या राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचा आहे. आणि केंद्र दर राज्याला वर्षाचा एक ठराविक नियतव्यय ठरवून देईल, त्यापलीकडे जाणारा खर्च पूर्णपणे राज्याचा. चांगल्या पावसाच्या वर्षी याचा काही फरक पडणार नाही. मराठवाड्यात दोन हंगाम ओळीनं गेले तर मात्र मागणी नियतव्ययाच्या वर जाईल त्याच वर्षी राज्याची स्वतःची वसुलीही मार खाईल, आणि बाजारातून कर्ज किती काढायचं याची मर्यादा केंद्रानं आधीच आखून दिलेली असेल.